बीएमआय २९, पोट सपाट: कसलेल्या शरीराचा आकडा कसा वाचायचा

थाळीफेक करणारा एक २४ वर्षांचा मुलगा माझ्याकडे सरावाला येतो. उंची १७८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. एका वैद्यकीय तपासणीत त्याच्या कागदावर बीएमआय २९ लिहून आला आणि पुढे शेरा पडला: 'अतिवजन, वजन कमी करावे'. त्या दिवसापासून त्याने रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं आणि मला काही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी स्क्वॉटचं वजन उचलेना, फेक कमी पडायला लागली, तेव्हा कुठे तो कागद पिशवीतून बाहेर आला. हा लेख त्या कागदावरच्या आकड्याविषयी आहे. आकडा चुकीचा नव्हता. तो वाचणाऱ्याने पुढची दोन मापं घेतली नाहीत, एवढंच झालं होतं.

आकडा आला कुठून

किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढाच हा हिशोब. १.७८ चा वर्ग ३.१७, आणि ९२ भागिले ३.१७ म्हणजे २९. बेल्जियमचे गणितज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात मोठ्या लोकसमूहाची मापं अभ्यासताना पाहिलं, की प्रौढांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, कुणा एकाची तब्येत तपासायची नव्हती. अमेरिकेतले अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये याच भागाकाराला आजचं नाव दिलं. वजन-उंचीच्या इतर सूत्रांपेक्षा हे सूत्र चरबीशी बरं जुळतं, असं त्यांना दिसलं होतं. पण तेही लोकसमूहांच्या बाबतीत.

समूहात ते जुळतं, कारण बहुतेक माणसांच्या अंगावर स्नायू साधारण सारखेच असतात. दोन सारख्या उंचीच्या सामान्य माणसांच्या वजनात १५ किलोंचा फरक असेल, तर त्यातला बराचसा चरबीचा असतो. वर्षानुवर्षं वजनं उचललेल्या माणसाला हे गृहीतक लागू पडत नाही. त्याचे जास्तीचे १५ किलो मांड्या, पाठ आणि खांद्यांवर असतात, आणि वजनकाट्याला किलो कशाचा आहे हे कळत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेतल्या खेळाडूंची जाहीर झालेली उंची-वजनं वापरून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९७ टक्के खेळाडू 'अतिवजन' किंवा त्याच्या वर निघाले, आणि निम्म्याहून जास्त थेट 'लठ्ठ' या गटात.

पण याचा अर्थ खेळाडूने बीएमआय फेकून द्यावा असा नाही. तसं केलेल्या एकाची गोष्ट पुढे येणारच आहे. आधी त्या २९ चं करायचं काय ते पाहू.

पायरी पहिली: उंची पुन्हा मोजा

उंचीचा वर्ग होतो, म्हणून तिथली चूक मोठी होऊन पुढे येते. आमच्या मुलाची उंची एका सेंटिमीटरने कमी लिहिली गेली असती, तर बीएमआय २९.० ऐवजी २९.४ च्या आसपास गेला असता. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर सरळ ठेवून मोजा. दिवसभर मणक्यावर भार पडून संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते, जड स्क्वॉटनंतर तर नक्कीच. त्यामुळे उंची आणि वजन दोन्ही सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी घ्या. क्रिएटिन नुकतं सुरू केलं असेल तर पहिल्या आठवड्यात पाण्यामुळेच किलो-दोन किलो वजन वाढतं. त्या आठवड्यातलं वजन धरू नका.

कोणत्या रेषेच्या पलीकडे 'अतिवजन' म्हणायचं हेही पाहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या रेषा २५ आणि ३० या आहेत. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका वाढलेला दिसतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपासूनच लक्ष द्यावं असं सुचवलेलं आहे. खेळाडूला या खालच्या रेषा आणखीच जाचक वाटतात, पण 'मला लागू नाहीत' म्हणून त्या पुसू नका. रेषा ओलांडली तर टेप बाहेर काढायचा, एवढाच त्यांचा अर्थ घ्या.

पायरी दुसरी: टेप

मी ज्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो ते माप हेच. घातक चरबी पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती साठते, आणि तिचा माग वजनकाट्यापेक्षा टेपला लवकर लागतो. पिळदार मांडीने बीएमआय वाढतो, पोटाचा घेर वाढत नाही.

मोजायची जागा नीट शोधा. शेवटच्या बरगडीची खालची कड बोटाने चाचपा, मग कुशीतल्या हाडाचा वरचा काठ चाचपा, आणि दोन्हींच्या मधोमध टेप आडवा फिरवा. पॅन्टचा पट्टा बसतो ती जागा ही नव्हे, ती बहुधा खाली असते. टेप कातडीला टेकलेला हवा, रुतलेला नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर वाचा. खेळाडूंची एक खोड मी रोज पाहतो: टेप लागला की पोट आपोआप आवळलं जातं. त्यांना मी माप घेता घेता काहीतरी बोलायला लावतो. बोलताना पोट आवळून धरता येत नाही. दोनदा मोजा, एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आता घेर भागिले उंची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. उत्तर ०.५ च्या आत असेल, म्हणजे पोट उंचीच्या निम्म्याहून कमी असेल, तर ठीक. ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला, ०.६ आणि वर म्हणजे बराच वाढलेला. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेनेही २०२२ पासून हेच टप्पे दिले आहेत. स्नायू जास्त असलेल्या प्रौढांचा बीएमआय जपून वाचावा असंही ती सांगते.

आमच्या मुलाचा घेर ८४ भरला. ८४ भागिले १७८ म्हणजे ०.४७. पुष्कळांचं काम इथेच संपतं. बीएमआय २५ ते २८ मध्ये असेल, घेर उंचीच्या निम्म्याच्या बराच खाली असेल, रक्तदाब नीट असेल, तर पुढचा हिशोब केला नाही तरी चालेल. आकडा २९-३० च्या घरात गेला, किंवा घेर ०.५ ला टेकला, की पुढची पायरी करा.

पायरी तिसरी: २९ चे दोन तुकडे करा

बीएमआय फोडता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. वजन म्हणजे चरबी अधिक बिनचरबीचं वजन. स्नायू, हाडं, पाणी, अवयव हे सगळं बिनचरबीत आलं. मग दोन्हींना वेगवेगळं उंचीच्या वर्गाने भागलं, तर एक आकडा चरबीचा मिळतो आणि एक बिनचरबीचा. दोन्हींची बेरीज केली की बरोबर बीएमआय येतो.

त्यासाठी चरबीची टक्केवारी लागते. अमेरिकन नौदलासाठी १९८४ मध्ये बसवलेली टेपची पद्धत इथे पुरेशी आहे. पुरुषांसाठी दोन मापं लागतात: बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर, आणि कंठमण्याच्या खाली मानेचा घेर. ध्यानात घ्या, मगाशी पोट बरगडी आणि हाडाच्या मधोमध मोजलं, इथे ते बेंबीवर मोजायचं आहे. आमच्या मुलाची दोन्ही मापं योगायोगाने ८४ च आली, पण तुमची दोन-तीन सेंटिमीटरने वेगळी येऊ शकतात. त्याची मान ४१ होती. स्प्रेडशीटच्या कुठल्याही चौकटीत हे टाका आणि ८४, ४१, १७८ च्या जागी आपली मापं घाला:

```
=495/(1.0324-0.19077*LOG10(84-41)+0.15456*LOG10(178))-450
```

उत्तर १३.२ टक्के. स्त्रियांसाठी सूत्र वेगळं आहे. त्यात पोट सगळ्यात बारीक जागी मोजतात आणि नितंबांचा घेरही लागतो. खालच्या ओळीतले आकडे क्रमाने पोट, नितंब, मान आणि उंची असे आहेत:

```
=495/(1.29579-0.35004*LOG10(74+98-33)+0.221*LOG10(165))-450
```

आता मुलाचे तुकडे करू. ९२ किलोंचे १३.२ टक्के म्हणजे १२.१ किलो चरबी, उरले ७९.९ किलो. दोन्हींना ३.१७ ने भागा. चरबीचा आकडा ३.८, बिनचरबीचा २५.२. बेरीज २९.

पुरुषांमध्ये चरबीचा आकडा ३ ते ६ च्या दरम्यान असणं सर्वसाधारण समजतात, स्त्रियांमध्ये ५ ते ९. बिनचरबीचा आकडा व्यायाम न करणाऱ्या पुरुषात साधारण १९-२० च्या आसपास असतो. म्हणजे खुर्चीवर बसून काम करणाऱ्या एखाद्याचा बीएमआय २९ असेल तर तो बहुधा २० अधिक ९ असा फुटतो, आणि या मुलाचा २५ अधिक ४. कागदावर दोघांपुढे शेरा एकच पडतो.

टेपची ही पद्धत तीन-चार टक्क्यांनी सहज चुकते, आणि जाड मानेच्या कुस्तीगिराला किंवा रग्बीपटूला ती चरबी कमी दाखवते, कारण सूत्रात मान वजा होते. म्हणून मी नेहमी चार टक्के इकडे-तिकडे करून पाहतो. या मुलाची खरी चरबी १७ टक्के धरली तरी ती १५.६ किलो होते आणि चरबीचा आकडा ४.९ येतो. सहाच्या खालीच. सगळ्यात वाईट बाजू धरूनही निष्कर्ष बदलत नसेल, तर महागड्या चाचणीची गरज नाही. तो बदलत असेल तरच डेक्सा या क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या स्कॅनचा विचार करा.

घरातल्या, पायाखालून वीज सोडणाऱ्या काट्यावर मात्र हा हिशोब उभा करू नका. तो चरबी थेट मोजत नाही. शरीराचा विद्युत-रोध घेतो, त्यात तुम्ही भरलेली उंची, वय, लिंग आणि वजन मिसळतो आणि अंदाज बांधतो. म्हणजे ज्या बीएमआयपासून सुटायला तुम्ही त्यावर चढलात, तोच आतून परत येतो. खात्री करायची असेल तर प्रोफाइलमध्ये उंची पाच सेंटिमीटर वाढवून पुन्हा उभे राहा, किंवा साधा मोड बदलून 'अ‍ॅथलीट' मोड लावा. अंगातला एक ग्रॅमही हललेला नसताना टक्केवारी बदललेली दिसेल.

'माझं सगळं स्नायूच आहे' या वाक्याची मर्यादा

ही फोड दुसऱ्या बाजूनेही कामाला येते, आणि मला ती बाजू जास्त मोलाची वाटते. स्नायू हवे तितके वाढत नाहीत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेरॉइड न घेणाऱ्या पुरुष व्यायामपटूंचा बिनचरबीचा आकडा साधारण २५ पर्यंत पोचून थांबलेला दिसला. ही काही दगडावरची रेघ नव्हे. आमचा मुलगा २५.२ वर आहे आणि मापाची चूकच त्याहून मोठी आहे. सुमो पैलवानांसारख्या अतिजड शरीरात चरबीबरोबर बिनचरबीचं वजनही वाढतं, आणि हा आकडा बराच वर जातो. पण बहुतेकांच्या बाबतीत ढोबळ अंदाजाला २५ चालतो.

मग ३३ बीएमआय असलेला कुणी 'हे सगळं स्नायूच' म्हणाला, तर ३३ मधून त्याला स्नायूंचे पूर्ण २५ देऊन टाका. तरी ८ उरतात, आणि ८ हे चरबीच्या सर्वसाधारण पट्ट्याच्या बाहेर आहेत. २५ अधिक ६ म्हणजे ३१. पुरुषाचा बीएमआय याच्या वर गेला की स्नायूंची सबब एकटी पुरत नाही, आणि ज्याने आयुष्यात नियमाने वजनं उचललेली नाहीत त्याला ती ३१ च्या कितीतरी आधीच संपते.

आता ती दुसरी गोष्ट. माझा एक जुना थाळीफेकपटू, उंची १८१, खेळत असताना वजन ९५. बीएमआय २९. तेव्हाच्या माझ्या वहीत त्याचं पोट ८६ आणि मान ४२ लिहिलेली आहे. चरबी १३.६ टक्के, म्हणजे १२.९ किलो. खेळ सुटला. सहा वर्षांनी भेटला तेव्हा वजन तेच ९५, बीएमआय तोच २९, आणि कुणी काही बोललं की उत्तरही तेच, 'आमच्यासारख्यांना बीएमआय लागू होत नाही'. मी टेप काढला. पोट १००, मान ४१. चरबी २४.४ टक्के, २३.२ किलो. चरबीचा आकडा ३.९ वरून ७.१ वर गेला होता, बिनचरबीचा २५.१ वरून २१.९ वर उतरला होता. घेर भागिले उंची ०.५५. दहा किलो स्नायू जाऊन दहा किलो चरबी आली आणि काटा जागचा हलला नाही. रक्त तपासलं तर साखर वाढायला लागली होती. कधीकाळी त्याच्याबाबतीत खरं असलेलं वाक्य त्याने सहा वर्षं तपासून पाहिलं नव्हतं. खेळाडूंना 'बीएमआय विसरा' असं सरसकट सांगणाऱ्यांवर मी चिडतो, ते याच माणसामुळे.

मुलींच्या बाबतीत उलटी फसगत

सूत्रातली उदाहरणादाखलची मापं एका कुस्तीपटू मुलीसारखी घेतली आहेत: १६५ सेंटिमीटर, समजा ७२ किलो. बीएमआय २६.४. टक्केवारी साधारण २८ येते. चरबीचा आकडा ७.४, बिनचरबीचा १९. सगळं जागेवर आहे, तिला वजन उतरवायला सांगणं चूक ठरेल.

पण मला जास्त काळजी बीएमआय २१-२२ असलेल्या कसलेल्या मुलींची वाटते. आकडा बरोबर मध्ये पडतो, म्हणून कुणी विचारत नाही. स्नायूंचं वजन चरबीची कमतरता झाकून टाकतं. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात जात नसेल तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडं विरळ होऊ लागतात, नडगीच्या हाडाला बारीक भेगा जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता' अशा अर्थाचं नाव दिलं, आणि ती पुरुषांतही असते हे नोंदवलं. तीन महिने पाळी आली नसेल, तर बीएमआय कितीही सुंदर दिसो, डॉक्टरांकडे जायचं.

पायरी चौथी: रक्तदाब, तोही योग्य पट्ट्याने

चरबीचा आकडा चांगला आला म्हणजे जड शरीराचे सगळे हिशोब मिटले असं नाही. एनएफएलमधून निवृत्त झालेल्या खेळाडूंवर अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने केलेल्या अभ्यासात, ते एकूण समवयस्क पुरुषांपेक्षा जास्त जगलेले दिसले. पण खेळताना ज्यांचा बीएमआय ३० किंवा जास्त होता, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचा धोका इतर खेळाडूंच्या दुप्पट होता. म्हणून २९-३० च्या वरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी वर्षातून एकदा तपासून घ्यावी असं माझं मत आहे. मान ४० सेंटिमीटरच्या वर असेल आणि रात्री जोरात घोरणं, दिवसा पेंग येणं असेल, तर झोपेत श्वास अडकतो का तेही पाहा. जाड मान स्नायूंची असली तरी ही शक्यता उरतेच.

रक्तदाबाचीही एक गंमत नसलेली गोष्ट आहे. नेहमीचा मध्यम पट्टा साधारण ३४ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. आमच्या मुलाचा दंड सैल सोडल्यावर ३८ भरतो. अशा दंडावर लहान पट्टा आवळला की दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणजे बीएमआयमागोमाग रक्तदाबाचाही खोटा शेरा पडायचा. पट्ट्यावर मापाच्या खुणा छापलेल्या असतात. त्या जुळत नसतील तर मोठा पट्टा मागा, संकोच करू नका.

पायरी पाचवी: एक नोंद, दर दोन महिन्यांनी

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त सांगते. दर आठ आठवड्यांनी, सकाळी, त्याच टेपने तीनच गोष्टी लिहा: वजन, पोट, मान. रोज मोजलंत तर पाणी आणि जेवणच मोजाल. वजन वाढलं आणि पोट जागेवर राहिलं, तर वाढ बहुतेक कामाची आहे. वजन तेच आणि पोट लागोपाठ दोन नोंदींत वाढलं, तर जुन्या थाळीफेकपटूचा रस्ता सुरू झाला आहे, आणि तो बीएमआयमध्ये कधीच दिसणार नाही. वजन उतरतंय, पोट तेवढंच आहे आणि उचललं जाणारं वजनही घटतंय, तर स्नायू जळतायत. निम्म्या जेवणाच्या त्या तीन आठवड्यांत आमच्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं: वजन ८९, पोट ८४ च.

दुसऱ्या तपासणीला जाताना मी त्याला एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. पोटाचा घेर ८४, उंचीच्या ०.४७. अंदाजे चरबी १३ टक्के, चूक धरून जास्तीत जास्त १७. मोठ्या पट्ट्याने घेतलेला रक्तदाब १२२/७६. उपाशीपोटीची साखर ८८. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, स्वतः टेप लावून घेर पुन्हा मोजला आणि शेऱ्याच्या जागी 'स्नायूंमुळे बीएमआय जास्त, घेर व रक्तदाब सामान्य' असं लिहिलं. त्या रात्री तो पोटभर जेवला.